अध्यक्षांचं भाषण, बक्षिसांच्या आधी



आज एका भाषणाबद्दल बोलायचं आहे. आमच्या गावात मुलींचा खो-खोचा संघ आहे. त्या संघाचं वार्षिक बक्षीस वितरण झालं आणि मंडळाच्या अध्यक्षांनी आठ मिनिटं भाषण केलं. व्यासपीठ म्हणजे शाळेचा ओटा आणि समोर अंथरलेल्या दोन सतरंज्या. पण त्यानंतर शेजारच्या गावांतल्या गटाच्या बाया आम्हाला विचारायला लागल्या की असं भाषण कसं तयार केलं, आमच्याकडंही कार्यक्रम आहे. एकेकीला सांगण्यापेक्षा रेडिओवर सगळ्यांना सांगावं, म्हणून हा विषय घेतला.

आमच्या मंडळाच्या अध्यक्षा बचत गटातल्याच आहेत. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, आम्हीही अक्काच म्हणू. सातवी शिकलेल्या, शेळ्या पाळतात, खो-खो स्वतः शाळेत असताना खेळलेल्या. भाषणाचं नाव काढलं की त्यांचा घसा कोरडा पडायचा. आम्ही गटाच्या चौघी जणी त्यांच्यासोबत तीन संध्याकाळी बसलो. लिहिणं आमचं, पण शब्द त्यांचे, कारण बोलायचं त्यांना होतं.

आधी कार्यक्रमाची तारीख. आपल्या बीड जिल्ह्यात असा कार्यक्रम दसऱ्याच्या आत झाला पाहिजे. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते आणि दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्याकडं निघतात. संघातल्या बारा मुलींपैकी पाच मुलींचे आईबाप कोयत्याला जातात. कार्यक्रम दिवाळीनंतर ठेवला तर समोर बसणार कोण? ज्यांना ऐकवायचं तेच पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात कोपीत बसलेले असतात. म्हणून गणपती उठले की आठवड्यात आम्ही तारीख धरली.

दुसरी गोष्ट भाषणाच्या जागेची. आपल्याकडं रीत अशी की दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, हारतुरे, शाल-श्रीफळ, मग मान्यवरांची मनोगतं, मग बक्षिसं आणि सगळ्यात शेवटी अध्यक्षीय समारोप. अध्यक्ष उभे राहतात तेव्हा लेकरं आईच्या मांडीवर झोपलेली असतात, निम्म्या बाया भाकरी टाकायला घरी गेलेल्या असतात आणि मंडपवाला खुर्च्या गोळा करत असतो. समारोप हा शब्दच असा आहे की ऐकणारा चपला शोधायला लागतो. आम्ही अक्कांचं भाषण बक्षिसांच्या आधी घेतलं. एका जुन्या कार्यकर्त्यांना ते रुचलं नाही. अध्यक्षांचा मान शेवटचा असतो असं त्यांचं म्हणणं. अक्का म्हणाल्या, "मान राहू द्या भाऊ, मला माणसं पाहिजेत."

जागा बदलण्याला कारण होतं. बक्षीस हातात पडायच्या आधी ते का, हे लोकांना कळलं पाहिजे. नाहीतर नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला आणि घरी जाताना एक आई दुसरीला म्हणते, "तिचीच पोरगी का? माझी काय कमी पळाली?" खो-खोत तर हा प्रश्न हमखास येतो, कारण या खेळात जे डोळ्याला दिसतं आणि ज्यानं सामना जिंकला जातो, त्या दोन गोष्टी पुष्कळदा वेगळ्या असतात.

ज्यांनी खेळ जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मैदानात एका संघाच्या नऊ जणी पाठलाग करतात. आठ जणी दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात आणि नववी पळते. दुसऱ्या संघाच्या मुली तिघी-तिघींच्या तुकडीनं पळायला उतरतात. तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी. मोठ्या मुलींच्या गटात एका पाळीला नऊ मिनिटं असतात. आपण पाठलाग करायचा आणि आपण पळायचं मिळून एक डाव, असे दोन डाव. आपल्या नेहमीच्या पद्धतीत एक गडी बाद केला की एक गुण. म्हणजे गुण मिळतो तो पकडणारीला. पळणारी कितीही वेळ टिकली तरी तिच्या नावापुढं गुणाचा आकडा पडत नाही. पडतात ती मिनिटं. वर्तमानपत्रात खो-खोची बातमी वाचलीत तर खेळाडूच्या नावापुढं कंसात मिनिटं आणि गुण दोन्ही छापलेले दिसतील. पण गावात बक्षीस ठरवताना गुण तेवढे मोजले जातात, मिनिटं कुणी मोजत नाही.

म्हणून आम्ही पहिल्या संध्याकाळी भाषण लिहायला घेतलंच नाही. वर्षभरातल्या सामन्यांची गुणपत्रकं काढून बसलो. गुणपत्रकात प्रत्येक गडी कोणत्या वेळेला बाद झाला ते लिहिलेलं असतं. तिची तुकडी कधी उतरली ते आधीच्या तुकडीतली शेवटची मुलगी बाद झाल्याच्या वेळेवरून कळतं. दोन्हींची वजाबाकी केली की ती किती वेळ पळाली ते निघतं. पाचवीच्या पोरीलाही जमेल असं गणित आहे, फक्त बसून करावं लागतं.

तालुक्याच्या स्पर्धेतला आमचा शेवटचा सामना घ्या. पहिल्या डावात आम्ही ८ गडी बाद केले, त्यांनी आमचे ९ केले. दुसऱ्या डावात आम्ही ७ केले. आमचे झाले १५, त्यांना जिंकायला शेवटच्या नऊ मिनिटांत ७ गडी पाहिजेत, ६ झाले तर बरोबरी. आमची पहिली तुकडी ५ मिनिटं २० सेकंदांवर संपली, ३ गडी गेले. दुसरी तुकडी उतरली. त्यातली पहिली सव्वासहा मिनिटांवर गेली, दुसरी ७ मिनिटं ५ सेकंदांवर. त्यांचे झाले १४. आता मैदानात आमची एकटी पोरगी आणि घड्याळात पावणेदोन मिनिटांहून जास्त वेळ. ती गेली असती तर १५-१५, आणि तिसरी तुकडी उतरून त्यातली एक जरी गेली असती तर सामना त्यांचा. ती गेली नाही. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा ती खांबाजवळ उभी होती. एकूण ३ मिनिटं ४० सेकंद पळाली, त्यातली १ मिनिट ५५ सेकंद एकटी. आम्ही एका गुणानं जिंकलो.

त्या सामन्यात तिच्या नावापुढं गुण किती? शून्य. आणि दुसऱ्या एका मुलीनं दोन डावांत मिळून ६ गडी टिपले होते, त्यात एक तर खांबावर सूर मारून. लोकांनी खांद्यावर उचलली ती हिला. त्यात गैर काही नाही, ६ गडी टिपणं खायचं काम नाही. पण दोघींना दोन वेगळ्या कारणांसाठी बक्षीस आहे, हे माइकवरून सांगायला हवं होतं.

इथं एक सावधगिरी सांगतो. एका सामन्याच्या मिनिटांवर बक्षीस ठरवू नका. तिघी पळत असताना पाठलाग करणाऱ्या मुली आधी कच्च्या पळणारीला हेरतात. एखादी जास्त वेळ टिकली ती कधी कधी केवळ तिच्याकडं कुणी वळलंच नाही म्हणून. खरी पळणारी ओळखायची तर ती एकटी उरल्यावर किती टिकते ते पाहायचं, आणि ते सगळ्या सामन्यांत. आमच्याकडं सहा सामन्यांची पत्रकं होती. सहापैकी चार सामन्यांत तीच मुलगी तुकडीत शेवटी राहिलेली निघाली. मग कुणाला शंका उरली नाही.

गुणपत्रकात एक गोष्ट मात्र मुळीच सापडत नाही, ती म्हणजे खो. पट्टीवर बसलेल्या मुलीला पाठीमागून हात लावायचा आणि त्याच क्षणी खो म्हणायचं. हात आधी आणि शब्द नंतर झाला की पंचाची शिट्टी. उठलेल्या मुलीनं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत फिरायचं नाही. मधली पट्टी ओलांडायची नाही. जिच्या हातून असं काही होत नाही, जी वेळेवर खो देऊन पुढचीच्या हाती गडी अलगद सोपवते, तिचं नाव कागदावर येतच नाही, नाव येतं शेवटी हात लावणारीचं. आमच्या संघातल्या एका मुलीचा घोटा वर्षभर दुखत होता. ती बाजूला बसून वहीत लिहायची की कुणाच्या खोवरून गडी मिळाला आणि कुणाकडून नियम मोडला. त्या वहीवरून तिसरं बक्षीस निघालं. ते मिळालं पट्टीवर मधल्या जागी बसणाऱ्या मुलीला. तिला स्वतःलासुद्धा आश्चर्य वाटलं.

आता भाषण. पुरस्काराचं एक वाक्य कसं असावं याची आम्ही मोजपट्टी ठरवली. त्यात सामना कोणता, तिनं काय केलं आणि त्यानं काय झालं, या तीन गोष्टी पाहिजेत. 'गावाचं नाव उज्ज्वल केलं' हे वाक्य अक्कांनी स्वतःच काढून टाकलं. त्या म्हणाल्या, हे कुणालाही लागू पडतं, सरपंचालाही. आणखी दोन गोष्टी काढल्या. एक, 'मुलगी असूनही'. दुसरी, घरच्या गरिबीचं वर्णन. बाप दारू पितो, आई कोयत्याला जाते, तरी पोरगी खेळली, असं माइकवरून सांगितलं की बाकीचे हळहळतात आणि पोरगी मान खाली घालते. तिला बक्षीस पळण्याचं आहे.

अक्का जे बोलल्या ते आम्ही जसंच्या तसं वाचून दाखवतो. सुरुवातीची दोन वाक्यं स्वागताची होती, ती सोडून.

"मायबापहो, आज तीन बक्षिसं द्यायची आहेत. देण्याआधी ती कशाची ते सांगते, म्हणजे घरी गेल्यावर कुणाला कोडं पडायला नको.

पहिलं बक्षीस पाठलागाचं. तालुक्याच्या शेवटच्या सामन्यात हिनं ६ गडी टिपले. आपले सगळे मिळून १५, त्यातले ६ एकटीचे. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, जास्त सांगत नाही.

दुसरं बक्षीस पळण्याचं. त्याच सामन्यात शेवटची १ मिनिट ५५ सेकंद मैदानात आपली एकच पोरगी होती आणि समोर नऊ जणी. ती सापडली असती तर सामना बरोबरीत गेला असता, नाहीतर हातचा गेला असता. तुम्ही म्हणाल, दोन मिनिटं म्हणजे काय मोठं? मी आता गप्प बसते. अर्धाच मिनिट. बघा किती लांब वाटतंय."

इथं अक्का खरंच थांबल्या. हातातल्या मोबाइलवर वेळ लावून तीस सेकंद. आधी हसू आलं, मग खोकले, मग सगळं चिडीचूप. एवढीशी पोरं पण गप्प. मैत्रिणींनो, ही युक्ती आमची नाही, अक्कांचीच. पुढं त्या म्हणाल्या:

"याच्या चौपट वेळ ती पळत होती, आणि सरळ नाही, हुलकावण्या देत. तिच्या नावावर एक गुण नाही. आपल्या खेळात पळण्याला गुण नसतो. पण २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तिथं नियम वेगळा होता. तीन मिनिटं तुकडी टिकली की पळणाऱ्या संघाला गुण, आणि पुढं दर अर्ध्या मिनिटाला आणखी एक. भारताच्या पोरींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि त्यात पळून मिळवलेलेही गुण होते. त्या संघाची कप्तान प्रियंका इंगळे, तिचं मूळ आपल्या बीड जिल्ह्यातलं. म्हणजे जे ही पोरगी इथं करते त्याची किंमत तिथं मोजतात, इतकंच मला सांगायचंय.

तिसरं बक्षीस आहे खो देण्याचं. हे आधी कधी दिलेलं नाही. सहा सामन्यांची वही आपल्याकडं आहे. या पोरीकडून खो देताना वर्षभरात दोनदाच नियम मोडला. गडी हिच्या हातात नाही पडत, हिच्यामुळं दुसरीच्या हातात पडतो. संसारात हे काम कोण करतं ते बायांना सांगायला नको."

बाया इथं मोठ्यानं हसल्या. हे वाक्य कागदावर नव्हतं.

प्रियंका इंगळेंचा उल्लेख ठेवायचा की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली होती. त्या वाढल्या आणि खेळल्या पुण्याकडं. तिथं मैदान, प्रशिक्षक आणि रोजचा सराव घराजवळ होता. 'तुम्हीही प्रियंका व्हा' असं म्हटलं तर आमच्या पोरींना जे मिळत नाही त्याचा हिशेब मधूनच गाळल्यासारखा होतो. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं, कारण आपल्यासारख्याच मुलखात राहून त्या वर गेल्या. पण ते मुलींना सरावाच्या वेळी सांगायचं ठरलं. आठ मिनिटांत दोन मोठी नावं नकोत, नाहीतर आपल्या पोरींची नावं त्याखाली दडपून जातात.

नोकरीच्या आश्वासनाचंही तसंच. बहुतेक भाषणांत पाहुणे सांगून जातात, खेळा, सरकारी नोकरी मिळेल. राज्यात खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे हे खरं. पण ते तालुक्याच्या ढालीवर मिळत नाही. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीच्या मान्य स्पर्धेतली कामगिरी लागते आणि त्या प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांचंही आहे. कोणत्या स्तरावर खेळलात त्यावर ते ठरतात आणि शाळेमार्फत वेळेत अर्ज गेला तरच मिळतात. अक्कांनी ते असं सांगितलं: "मी कुणाला नोकरीचं सांगत नाही. प्रमाणपत्र मात्र जपून ठेवा, पत्र्याच्या पेटीत ठेवा, आणि शाळेत अर्जाची तारीख विचारा. कागद हरवला तर पोरगी खेळली होती हे कुणी ऐकणार नाही." लोकांना हे फारसं गोड लागलं नसेल, पण दुसऱ्या दिवशी तिघी जणी प्रमाणपत्राला प्लॅस्टिकचं आवरण कुठं करून मिळतं ते विचारायला आल्या.

जमाखर्च एका मिनिटात झाला. वर्गणी किती आली, गाडीभाड्याला किती गेले, बुटांना किती, शिल्लक काय. मोठा कागद आधीच शाळेच्या भिंतीला लावून ठेवला होता. भाषणात अक्कांनी चारच आकडे वाचले आणि बाकी तिकडं बोट दाखवलं. एक खर्च मुद्दाम सांगितला. या वर्षी चषक लहान घेतले आणि वाचलेल्या पैशांत सरावाचे लाकडी खांब बदलले. जुन्या खांबांना चिरा पडल्या होत्या आणि सूर मारताना हाताला कुसळं टोचायची. चषक लहान का, हा प्रश्न येणारच होता, तो आधीच मिटला.

आणि आता शेवटचा भाग, ज्यासाठी ही सगळी खटपट होती. पाच मुली. आईबाप निघाले की मुलगी सोबत जाते, धाकट्यांना सांभाळायला आणि भाकरी करायला. मार्च-एप्रिलमध्ये परत येते तेव्हा सराव तुटलेला, शाळा बुडालेली, आणि एखादीच्या लग्नाची बोलणीही झालेली असतात. संघात नऊ जणी उभ्या करायच्या तर बारातल्या पाच गेल्यावर उरतात सात. म्हणजे थंडीतल्या एकाही स्पर्धेत उतरता येत नाही.

हे सांगताना पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं, 'पालकांना विनंती की मुलींना नेऊ नये.' अक्कांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "उचल घेतलेल्या माणसाला मी हे कसं म्हणू? ती पोरगी राहणार कुठं, ते आधी सांगा." त्यामुळं भाषणाच्या आधी आठ दिवस आम्ही गावात फिरलो. दोन वाटा होत्या. एक हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांची गावातच जेवणाखाणाची सोय. त्यासाठी मुलांची यादी शाळेकडून वेळेत जावी लागते, म्हणून मुख्याध्यापकांना भेटलो. तिथं आम्हाला कळलं की अशा सोयीत लेकरू रात्री बहुतेक आजी-आजोबांकडं किंवा नातेवाइकांकडं झोपतं. ज्या घरी म्हातारं माणूसच नाही तिथल्या वयात आलेल्या मुलीनं रात्री कुठं राहायचं? आईची भीती याचीच असते, जेवणाची नसते. म्हणून दुसरी वाट शोधली. गटातल्या तीन घरांनी हो म्हटलं. तिन्ही घरांत बाईमाणूस आहे, आणि एका घरी दोन मुली एकत्र राहतील असं पाहिलं. शिधा मुलीच्या घरून, बाकी सांभाळ त्या घरचा. हे गटाच्या बैठकीत लिहून घेतलं, कुणाकुणाच्या सह्या झाल्या.

मग अक्का एवढंच बोलल्या:

"ज्यांना दिवाळीत जायचंय त्यांना मी थांबा म्हणत नाही, पोट आहे. पण पोरीला ठेवायचं मनात असेल तर आपल्या गटातली तीन घरं उघडी आहेत. कोणती ते इथं सांगत नाही आणि कुणाला हात वर करायलाही सांगत नाही. कार्यक्रम झाल्यावर, नाहीतर उद्या सकाळी, माझ्या गोठ्याकडं या. शेळ्यांचं दूध काढत असते मी, निवांत बोलू. आता पोरींना बक्षिसं देऊ या."

हात वर करायला न सांगणं हे आम्ही मुद्दाम ठरवलं होतं. चारचौघांत बाप 'ठेवतो' म्हणतो आणि गाडीत बसवायच्या दिवशी सोबत घेऊन जातो, कारण ते 'हो' टाळ्यांपुरतं असतं. आणि 'नाही' म्हणणाऱ्याचा उगीच कमीपणा होतो. गोठ्यावर सकाळी चार आया आल्या. बाप एकही नाही. पण एका आईनं घरी जाऊन नवऱ्याला ते शेवटचे दोन मिनिटांचे सेकंद समजावले, असं तिनंच सांगितलं. तो त्या सामन्याच्या दिवशी रानात होता, त्याला काही माहीतच नव्हतं.

पाचपैकी तीन मुली राहिल्या. दोघी गटाच्या घरी, एक आजीकडं, दुपारचं जेवण वसतिगृहाच्या सोयीतून. एक गेली, कारण तिच्या आईला बाळ लहान आहे आणि जोडीनं कोयता धरल्याशिवाय उचल फिटत नाही, तिथं आमच्याकडं उत्तर नव्हतं. पाचवीचं अजून ठरत होतं तेव्हा गाडी आली. ती पळण्याचं बक्षीस मिळालेली मुलगी नव्हे, ती राहिली आहे. उरलेल्या सातात तीन मिळाल्या, दहा झाल्या. एक जण राखीव ठेवून संघ उभा राहतो.

ज्यांच्याकडं कार्यक्रम व्हायचा आहे त्यांच्यासाठी एक कामाचं सांगतो. गुणपत्रकांची झेरॉक्स सामना झाल्या झाल्या आयोजकांकडून मागून घ्या. महिन्याभरानं मागायला गेलात तर कुणाकडं आहे तेच कळत नाही. मोबाइलवर फोटो काढणार असाल तर वेळेचा रकाना स्पष्ट येईल असा काढा, आमच्या एका पत्रकात नेमका तोच रकाना अंगठ्याखाली गेला होता आणि मग त्या घोटा दुखणाऱ्या पोरीच्या वहीवरून तो भरावा लागला. वही आता तिच्याचकडं आहे. घोटा बरा झाला, ती पुन्हा खेळते, त्यामुळं लिहायला दुसरं कुणीतरी शोधतोय.